नळ तुमचा, पाइप आमचा

बँकेत बावीस वर्षं डेबिट आणि क्रेडिट करून माझा असा समज झाला होता, की कुठलाही खर्च एकदा रकान्यात बसवला की भांडण मिटतं. म्हणून पुण्यातल्या आमच्या घरमालकांनी, म्हणजे अण्णांनी, लीव्ह अँड लायसन्सच्या कराराला एक तक्ता जोडलेला पाहिला तेव्हा मी मनातून खूष झालो. डावीकडे 'मालक', उजवीकडे 'भाडेकरू'. कॉमर्सच्या माणसाला याहून सुंदर चित्र ते कोणतं?

हा तक्ता काही अण्णांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. केंद्र सरकारने जून २०२१मध्ये एक आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टातून तो उचललेला. आदर्श म्हणजे काय, तर राज्यांनी घेतला तर कायदा, नाही घेतला तर नमुना. पण अकरा महिन्यांच्या करारात जे लिहून सही केली तेच उद्या आपल्यासमोर धरलं जातं, म्हणून अण्णांनी तो तक्ता सरळ करारालाच चिकटवला. नाशिकला माझा स्वतःचा एक छोटा फ्लॅट आहे, त्यात एक शाळामास्तर भाड्याने राहतात. मला तक्ता इतका आवडला, की त्याची झेरॉक्स काढून मी ती मास्तरांच्या करारालाही लावली. त्या वेळी हे सत्कृत्य वाटलं होतं.

तक्त्याचा मतितार्थ असा. भिंती, छत अशी बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे, अर्थात भाडेकरूने स्वतः मोडतोड केली नसेल तर. भिंतींना सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे. पाण्याचे पाइप बदलणं आणि विजेचं वायरिंग, तेही मालकाकडे. उजवीकडे मात्र बारीकसारीक गोष्टींची वरात लागलेली: नळाचे वॉशर आणि नळ, ड्रेनेज साफ करणं, संडासची, वॉशबेसिनची आणि गिझरची दुरुस्ती, बटणं, सॉकेट, कुलपं, खिडक्यांच्या काचा, डासांच्या जाळ्या. बाथटबसुद्धा आहे. आमच्या बाथरूममध्ये बादली ठेवली की माणूस बाहेर उभा राहतो, पण बाथटब बिघडला तर खर्च माझा, हे वाचून उगीचच श्रीमंत वाटलं.

मी सौ.ला समजावलं, "अगं, हे आपलं कॅपिटल आणि रेव्हेन्यू आहे. टिकाऊ खर्च मालकाचा, रोजच्या वापराचा आपला." ती म्हणाली, "मग सफेदी त्यांच्याकडे कशी? ती काय टिकते?" बी.कॉम.च्या परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता.

सफेदीचं म्हणाल तर तक्त्यात ती किती वर्षांनी द्यायची ते लिहिलेलंच नाही. शिवाय तक्ता एक सांगतो आणि रिवाज दुसरंच. आमचा भाचा बंगळुरात राहतो. तिथं घर सोडताना रंगासाठी म्हणून एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापून घेणारे मालक पुष्कळ. बरं, ओल आली आणि ती वरच्या मजल्याच्या संडासातून आली, तर? तक्त्याला रकाने दोनच. वरच्या मजल्याचा रकाना नाही, आणि ओलीला ते ठाऊक नसतं.

पण आमचं भांडण रंगावरून नव्हे, नळावरून झालं.

बाथरूममधला नळ ठिबकायला लागला. तक्त्याप्रमाणे खर्च माझा, त्यामुळे मी दोन आठवडे तो आवाज ऐकलाच नाही. शेवटी सौ.ने ऐकायला लावला. प्लंबर आला. त्याने वॉशर बदलला, तरी थेंब चालूच. मग म्हणाला, "साहेब, आतली सीट खाल्लीय. वॉशर कितीही नवा टाका, तो बसणार कुठं? नळच बदला." ठीक आहे, नळही माझ्याच रकान्यात. त्याने पान्हा लावला, एक हिसडा दिला, आणि नळ हातात आला. नुसता नळ नाही, त्याच्याबरोबर भिंतीतल्या एल्बोचा अर्धा आटाही आला. वरची टाकी बंद करेपर्यंत बाथरूममध्ये जे झालं, त्याला बाथटब म्हणायला हरकत नव्हती.

आता फरशी फोडायची, आतला एल्बो आणि फूटभर पाइप बदलायचा, पुन्हा फरशी बसवायची. बिल झालं तीन हजार एकशे पन्नास. नळ सातशे, एल्बो-पाइप वगैरे साडेचारशे, फोडणं आणि गवंड्याचं काम चौदाशे, प्लंबरची मजुरी सहाशे. नवी फरशी जुन्या रंगाची मिळाली नाही, ते वेगळंच.

बिल घेऊन मी अण्णांकडे गेलो. अण्णांनी चष्मा लावला, तक्ता काढला आणि बोट उजव्या रकान्यावर ठेवलं. "नळ. तुमचा."

"अहो अण्णा, पण एल्बो पाइपात येतो!"

"येतो ना. पण मोडला कोणी? तुमच्या माणसाने हिसडा दिला. भाडेकरूने केलेलं नुकसान. मालक सुटला."

पाहा गंमत! नळ कुठं संपतो आणि पाइप कुठं सुरू होतो, ते तक्ता सांगत नाही. दोघांची हद्द म्हणजे अर्ध्या इंचाचा आटा, आणि सगळं भांडण नेमकं त्या अर्ध्या इंचात. मी हिरमुसून निघणार, तेवढ्यात प्लंबरने दिलेली पुडी आठवली. तो म्हणाला होता, "हा तुकडा टाकू नका साहेब. मालकांना दाखवा. ताजं लोखंड तुटलं तर चकाकतं. हे बघा, कडेला सगळं तपकिरी. आतून केव्हाच कुजलं होतं. सकाळी पहिलं पाणी तांबूस यायचं का?" यायचं. मी ते पुण्याच्या हवेवर घातलं होतं. त्याने आणखीही सांगितलं: एकाच नळाची धार बारीक झाली तर त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवा, तो खर्च तुमचा आणि बहुधा फुकटातला. सगळ्याच नळांची धार बारीक झाली, तर पाइप आतून गंजून अरुंद झालेत. आणि स्वतंत्र मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघायचा. काटा फिरत असला तर गळती भिंतीत आहे, म्हणजे मालकाकडे.

मी पुडी सोडून एल्बोचा तुकडा अण्णांच्या टीपॉयवर ठेवला. वर आणखी एक बाण सोडला, "अण्णा, घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाता उरेल त्यावर तीस टक्के सरसकट सूट मिळते तुम्हाला. एक रुपया खर्च केला नाही तरी. एकही पावती न दाखवता. ती दुरुस्तीसाठीच असते ना?" बँकेतला माणूस आहे मी, तीस टक्के मला तोंडपाठ.

अण्णा तुकडा उजेडात धरून बघत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. नाशिकहून मास्तर.

"काका, गिझर गेला."

मी सवयीने म्हणालो, "सर, तक्ता बघा. गिझरदुरुस्ती भाडेकरूकडे. तुमच्या सहीखालीच आहे."

"दुरुस्ती आहे काका, पण मेकॅनिक म्हणतो दुरुस्त होणार नाही. व्हॉल्व्हमधून दोन-चार थेंब पडतात, ते पाणी तापताना पडायचेच म्हणे. एलिमेंट जळालं असतं, थर्मोस्टॅट गेला असता, तर मी कुणाला न विचारता बदललं असतं. पण पाणी खालून बॉडीतून येतंय. आतली टाकीच फुटली. नवाच घ्यावा लागेल. बदलणं तुमच्याकडे ना?"

मी आवाज खाली आणला. "सर, त्याच्या पुढंच एक ओळ आहे, विजेच्या उपकरणांची दुरुस्ती आणि बदल, भाडेकरूकडे. गिझर वीज खातोच की."

"मग गिझर वेगळा का लिहिला, आणि त्यापुढं नुसती दुरुस्ती का लिहिली?" मास्तर व्याकरण शिकवतात. हे मी घर देतानाच लक्षात घ्यायला हवं होतं.

फोन ठेवला. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत होतं त्याला मी नाव देणार नाही, पण चाळीस वर्षं भाडेकरू पाहिलेल्या माणसालाच ते जमतं.

"गिझर कधीचा?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"२०१३चा."

"बोअरच्या पाण्यावर?"

"हो."

"आणि भाडं किती येतं हो नाशिकचं?"

"अकरा हजार."

"म्हणजे वर्षाचे एक लाख बत्तीस. घरपट्टी चार हजार धरू. उरले एक लाख अठ्ठावीस, त्याचे तीस टक्के..." अण्णांना हिशेब येत होता, नुसते थांबले ते माझ्यासाठी.

"अडतीस हजार चारशे," मी म्हणालो.

"पावती न दाखवता," अण्णा म्हणाले.

मग बराच वेळ आम्ही दोघे एल्बोकडे बघत बसलो. काकूंनी चहा आणला. अण्णांनी बिलावर पेन्सिलने रेघ मारली: नळाचे सातशे आणि तो बसवायचे दोनशे माझे, बाकीचे बावीसशे पन्नास त्यांचे, पुढच्या भाड्यातून वळते करायचे. तुकडा तपकिरी आहे हे त्यांनी तोंडाने कबूल केलं नाही. फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी पान्हा लावण्याआधी मला हाक मारा. मी येऊन बघेन, मग मोडा."

घरी येऊन मी मास्तरांना फोन केला. म्हणालो, गिझर मी घेतो, बसवायची मजुरी तुमची, आणि यापुढं एलिमेंट तुमचं. बोअरचं पाणी आहे, तेव्हा वर्षातून एकदा साफ करून घ्या. मास्तर म्हणाले, "काका, हे तक्त्यात लिहू या का?" मी म्हटलं लिहू या. पुढच्या करारात गिझरसमोर 'टाकी: मालक, एलिमेंट: भाडेकरू' असं माझ्या हस्ताक्षरात आहे. अण्णांनीही आमच्या प्रतीत नळ आणि पाइप यांच्या मध्ये पेनाने लिहिलं, 'आटा: आधी कळवणे.'

एल्बोचा तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, करार आणि भाड्याच्या पावत्यांच्या शेजारी. सौ. दर दिवाळीला तो फेकायला काढते. मी तिला सांगतो, डिपॉझिट परत येऊ दे, मग फेक.