भाकीत कुठे केले आणि कुठे सापडले




मानसशास्त्राचा प्रायोगिक अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत तपासण्याची रीत सर्वत्र रूढ असली, तरी ती परीक्षकाला फसवते. कारण अहवाल लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो आणि त्या शेवटाकडे पाहूनच त्याने सुरुवात लिहिलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो. म्हणून नव्याने वह्या तपासायला बसणाऱ्या परीक्षकाने आधी परिकल्पनेचे वाक्य, म्हणजे प्रयोगात काय आढळेल याविषयी प्रयोगापूर्वीच केलेले तपासण्याजोगे विधान, एका कागदावर उतरवून घ्यावे, त्याखाली थेट निष्कर्षाचे वाक्य लिहावे आणि मगच मधला आराखडा वाचायला घ्यावा. दोन्ही वाक्यांत तेच गट, तीच मोजणी आणि तीच दिशा आहे की नाही, हे एवढ्यानेच दिसून येते. बहुसंख्य अहवालांत ते तसे नसते.

हे समजून घेण्यासाठी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सोयीचा आहे. विद्यार्थ्यांना तो करून पाहायला आवडतो, आणि त्यातली पहिली पायरी जितकी सोपी आहे तितकीच दुसरी निसरडी आहे. पहिल्या प्रयोगात ४५ विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या सात छोट्या चित्रफिती दाखवून एक प्रश्नावली दिली होती. त्यातल्या अनेक प्रश्नांमध्ये एकच प्रश्न कळीचा होता, तो म्हणजे गाड्यांचा वेग किती होता हा. परंतु नऊ-नऊ जणांच्या पाच गटांना तो पाच वेगवेगळ्या क्रियापदांनी विचारला होता. सर्वांत जोरकस क्रियापद मिळालेल्या गटाचा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांच्या थोडा वर गेला, तर केवळ स्पर्श सुचवणारे क्रियापद मिळालेल्या गटाचा अंदाज ३२ मैलांच्या आसपास राहिला.

आता या प्रयोगाची मराठी माध्यमाच्या वर्गात केलेली पुनरावृत्ती कल्पावी. प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग केला ते विद्यार्थी, ४० आहेत. सर्वांनी एकच चित्रफीत पाहिली असून २० जणांना ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता?’ असे, तर उरलेल्या २० जणांना ‘गाड्या एकमेकींना टेकल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता?’ असे विचारले आहे. (येथे ‘आदळल्या’ऐवजी ‘गाड्यांचा चुराडा झाला’ असे लिहिण्याचा मोह काही विद्यार्थ्यांना होतो, पण त्यामुळे धडकेचा जोर सुचवला जात नाही, तर नुकसानीची नवी माहितीच पुरवली जाते, आणि मग प्रयोग दुसऱ्याच गोष्टीचा होतो.)

अशा अहवालात परिकल्पना बहुधा ‘प्रश्नातील शब्दांचा स्मरणावर परिणाम होतो’ या रूपात लिहिलेली आढळते. वाक्य वाचायला भारदस्त आहे, पण त्याला खोटे ठरवू शकेल असा एकही आकडा त्यात शिरू शकत नाही; कोणते शब्द, कसले स्मरण, परिणाम कोणत्या बाजूला आणि तो मोजायचा कसा, यांपैकी काहीच त्यात नाही. तेच विधान ‘चित्रफीत पाहिल्यानंतर ज्यांना आदळल्या या क्रियापदाने प्रश्न विचारला जाईल, त्यांनी ताशी किलोमीटरमध्ये दिलेला वेगाचा अंदाज टेकल्या या क्रियापदाने प्रश्न विचारलेल्यांच्या अंदाजापेक्षा सरासरीने अधिक असेल’ असे लिहिले, तर क्रियापद हा स्वतंत्र चल, म्हणजे प्रयोगकर्त्याने मुद्दाम बदललेला घटक, आणि वेगाचा अंदाज हा परतंत्र चल, म्हणजे त्या बदलामुळे काय घडते हे पाहण्यासाठी मोजलेला घटक, हे दोन्ही वाक्यातच सापडतात. मुख्य म्हणजे या दुसऱ्या वाक्यात ‘स्मरण’ हा शब्दच नाही, आणि तो नसणे हा दोष नसून गुण आहे. त्याचे कारण पुढे येईल.

शून्य परिकल्पनेच्या बाबतीत चूक वेगळ्या जातीची असते. शून्य परिकल्पना म्हणजे क्रियापदामुळे काही फरक पडत नाही आणि गटांत दिसणारा फरक केवळ योगायोगाचा आहे, असे विधान. पण अनेक वह्यांत ती ‘टेकल्या गटाचा अंदाज अधिक असेल’ अशी, म्हणजे मूळ भाकिताची उलटी बाजू म्हणून लिहिलेली असते. असा विद्यार्थी पुढे अचूक गणित करूनही आपण कशाची चाचणी घेतली हे सांगू शकत नाही, म्हणून ही चूक भाषेची समजून सोडून देऊ नये.

दिशेचा प्रश्न याहून नाजूक आहे. समजा, आदळल्या गटाचे मध्यमान ताशी ५२ किलोमीटर आणि टेकल्या गटाचे ४६ किलोमीटर आले असून दोन्ही गटांतील प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरे मध्यमानाभोवती किती विखुरली आहेत याचे माप, सुमारे १०.५ आहे. यावरून टी-मूल्य साधारण १.८१ येते. फरक कोणत्याही बाजूला असू शकेल असे धरून द्विदिश चाचणी घेतली, तर ४० प्रयुक्तांसाठी ५ टक्के सार्थकता पातळीवर किमान २.०२ हवे असते, तेव्हा हा फरक सार्थ ठरत नाही. एकाच बाजूचे भाकीत धरून एकदिश चाचणी घेतली, तर १.६९ पुरेसे होते आणि तोच फरक सार्थ ठरतो. आकडे तेच राहून निकाल बदलतो, तो केवळ परिकल्पनेच्या वाक्यात ‘अधिक’ हा शब्द होता की ‘वेगळा’ हा, यावर. १९७४ च्या प्रयोगामुळे ‘अधिक’ म्हणायला येथे सबळ आधार आहे. पण तो आधार प्रस्तावनेत मांडलेला नसेल, परिकल्पनेत ‘फरक असेल’ एवढेच लिहिले असेल आणि निष्कर्षात मात्र एकदिश चाचणी अवतरली असेल, तर दिशा आकडे पाहिल्यावर ठरली असा संशय घ्यायला जागा आहे. निकाल कळल्यानंतर परिकल्पना रचून ती आधीचीच आहे असे भासवण्याच्या या सवयीवर नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्ये सविस्तर लिहिले. विद्यार्थी मात्र असे बहुधा लबाडीने नव्हे, तर ‘निकाल यायलाच हवा’ या भीतीने करतात, आणि ती भीती त्यांना शिक्षकांनीच घातलेली असते.

आराखड्याच्या भागात ‘प्रयुक्तांचे दोन गट यादृच्छिक पद्धतीने केले’ हे वाक्य जवळपास प्रत्येक वहीत असते आणि त्यावर सहसा कोणी अडत नाही. परीक्षकाने मात्र येथेच सर्वाधिक वेळ द्यावा. यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक वाटणी या दोन गोष्टी विद्यार्थी एक समजतात: निवड म्हणजे मोठ्या समूहातून प्रयुक्त चिठ्ठ्या टाकून घेणे, ज्यामुळे निष्कर्ष त्या समूहाला लावता येतो, वाटणी म्हणजे मिळालेल्या प्रयुक्तांपैकी कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीने ठरवणे, ज्यामुळे दोन गट सुरुवातीला सारखे होते असे मानता येते. वर्गातल्या प्रयोगात निवड जवळजवळ कधीच होत नाही आणि त्याबद्दल गुण कापण्याचे कारणही नाही. वाटणी मात्र झालीच पाहिजे, आणि ती कशी झाली हे लिहिलेले असले पाहिजे.

खरी पद्धत अहवालातल्या किरकोळ तपशिलांतून बाहेर येते. ‘सकाळच्या तुकडीला प्रश्न तोंडी विचारला, नंतर दुपारच्या तुकडीला’ असे एखादे वाक्य कार्यपद्धतीत आले, की वाटणी प्रयुक्तांची झाली नसून तुकड्यांची झाली हे उघड होते. मग क्रियापदाबरोबर वेळ, तुकडी, खोलीतला उजेड आणि विचारणाऱ्याचा आवाजही बदलला, आणि ६ किलोमीटरचा फरक यांपैकी कशाचा हे कोणत्याही चाचणीने उलगडत नाही. इतकेच नव्हे, तर क्रियापद ४० जणांना स्वतंत्रपणे मिळाले नसून दोन तुकड्यांना एकेकदाच मिळाले, त्यामुळे टी-चाचणीने गृहीत धरलेले ४० जणांचे परस्परस्वातंत्र्यही ढासळते. दोन्ही प्रकारच्या छापील प्रश्नावल्या एकत्र मिसळून एकाच खोलीत वाटल्या असत्या, तर एवढ्या साध्या युक्तीने हे सारे टळले असते. हीच चित्रफीत त्याच प्रयुक्तांना दोनदा दाखवून दोन्ही प्रश्न का विचारले नाहीत, याचेही उत्तर आराखड्यात हवे: दुसरे क्रियापद ऐकताच प्रयुक्ताला प्रयोगाचा हेतू कळतो, आणि पहिले उत्तर आठवत असल्यामुळे तो त्यालाच धरून राहतो.

आणखी एक लहानशी जागा आहे. वेग विचारला की माणसे ४०, ५०, ६० अशी दहाच्या पटीतली उत्तरे देतात आणि एखादा प्रयुक्त १२० लिहून मोकळा होतो. २० जणांच्या गटात ५० ऐवजी १२० आले, तर मध्यमान ३.५ ने हलते, म्हणजे वर मानलेल्या फरकाच्या निम्म्याहून अधिक फरक एकटा प्रयुक्त करू शकतो. असे उत्तर वगळण्याचा नियम आराखड्यात आधी लिहिला असेल तर तो नियम; निकालाच्या पानावर पहिल्यांदा भेटला तर ती पळवाट.

आता ‘स्मरण’ या शब्दाकडे वळता येईल. सर्व काही नीट पार पडले आणि फरक सार्थ ठरला, तरी सिद्ध काय होते? प्रश्न बदलला की वेगाचा सांगितलेला अंदाज बदलतो, एवढेच. जोरकस क्रियापदाने मनातले अपघाताचे चित्रच बदलले असेल, किंवा चित्र तसेच राहून ४० म्हणावे की ५० अशा द्विधेत असलेला प्रयुक्त क्रियापदाच्या बाजूला झुकला असेल. वेगाचे आकडे या दोन स्पष्टीकरणांमध्ये निवाडा करू शकत नाहीत. लॉफ्टस आणि पामर यांनी ही अडचण स्वतःच मांडली आणि तिच्यासाठीच दुसरा प्रयोग केला. त्यात १५० प्रयुक्त होते. ५० जणांना जोरकस क्रियापदाने व ५० जणांना साध्या क्रियापदाने वेग विचारला, तर ५० जणांना वेगाबद्दल काहीच विचारले नाही. एका आठवड्यानंतर, चित्रफीत पुन्हा न दाखवता, फुटलेली काच पाहिली का असे सर्वांना विचारले. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी पहिल्या गटातील १६, दुसऱ्यातील ७ आणि तिसऱ्यातील ६ जणांनी ‘होय’ म्हटले. काचेबद्दलच्या प्रश्नात ते क्रियापद नव्हते, म्हणून केवळ शब्दाकडे झुकण्याने हा फरक समजावणे कठीण जाते, आणि स्मरणाविषयी काही म्हणण्याचा अधिकार प्रयोगकर्त्यांना येथे मिळतो. तोही मोजूनमापूनच, कारण पहिल्या गटातल्या ३४ जणांनी काच पाहिली नसल्याचेच सांगितले होते.

म्हणून केवळ वेगाचा प्रश्न विचारलेल्या अहवालात ‘यावरून प्रश्नामुळे स्मृती बदलते हे सिद्ध झाले’ असा निष्कर्ष आला, तर तो पाठ्यपुस्तकातून उचललेला आहे, वहीतल्या आकड्यांतून नव्हे, असे समजावे. उलट टी-मूल्य अपुरे पडल्यावर ‘शून्य परिकल्पना सिद्ध झाली’ असे लिहिणेही तितकेच चुकीचे आहे. २०-२० जणांच्या गटांत मध्यम आकाराचा खरा परिणामही हातातून निसटू शकतो, तेव्हा ती नाकारता आली नाही एवढेच म्हणता येते.

वर कल्पिलेल्या अहवालाला गुण द्यायचे झाल्यास, परिकल्पनेत ‘फरक असेल’ असे लिहून, द्विदिश चाचणी घेऊन, फरक सार्थ नसल्याचे त्याच शब्दांत मान्य करणाऱ्या विद्यार्थ्याला २० पैकी १६ द्यावेत. त्याच आकड्यांवर शेवटच्या पानावर एकदिश चाचणी आणून स्मृतीचा जयघोष करणाऱ्याला ९ पुरेत, आणि समासात परिकल्पनेच्या पानाचा क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे तोंडी परीक्षेत त्याला ते पान उघडायला सांगता येईल.