चारशे चौकोनांत खारजमीन

१८ ऑगस्ट, सेन्दाई

रायगडातल्या खारजमिनीतल्या भातावरचं माझं पोस्टर इंग्रजीत आहे आणि आकृत्या हलवायच्या नाहीत. जपानी सारांशासाठी उरते ती ४० सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच जागा. जपानीत प्रत्येक अक्षराला सारखाच चौकोन लागतो, म्हणून हिशेब आधीच मांडता येतो. २८ पॉइंटचं अक्षर साधारण एक सेंटिमीटरचं. ओळीत ४० अक्षरं, मोकळ्या अंतराने १० ओळी. झाली ४००. सगळा मजकूर उतरवायचा तर दोन हजारही पुरणार नाहीत.

१९ ऑगस्ट

प्रत्येक परिच्छेद थोडाथोडा कापला तर काहीच धड उरत नाही. वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे, ते आधी पाहायला हवं. २०११च्या त्सुनामीनंतर इथल्या भातखाचरांतलं मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढावं लागलं होतं. त्या कामाला ‘जोएन’ म्हणतात. दोनच अक्षरं! क्षार मुळांखाली कसे जातात हा माझा अख्खा परिच्छेद त्यामुळे गेला. मात्र इथे पाणी माणसांनी सोडलं, रायगडात ते काम पाऊस करतो. म्हणून ‘पावसाने होणारं’ हे शब्द ठेवले.

याउलट रहू इथे कोणाला माहीत असणार? मोड आलेलं बी चिखलात फोकतात, एवढं सांगायलाच हवं. त्याला अख्खी ओळ दिली.

‘महाराष्ट्र राज्य’ जपानीत दहा चौकोन खातं, कारण दीर्घ स्वराची रेघ आणि छोटा ‘यु’ यांनाही स्वतंत्र चौकोन लागतो. जिवावर आलं, पण ‘भारताचा पश्चिम किनारा’ पाचांत बसतो आणि नकाशावर ठिपका आहेच.

२१ ऑगस्ट

प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ बाईंबरोबर बसले. पोस्टरवर वाक्य नामावरच थांबवण्याची रीत आहे, ‘तायगेन-दोमे’. शेवटचं क्रियापद गेलं की बरीच जागा सुटते. पण मराठीसारखंच जपानीतही खात्री किती आहे हे वाक्याच्या शेपटीतच कळतं. ‘क्षार कमी झाले असावेत’मधलं शेपूट छाटलं की उरतं ‘क्षारांत घट’, म्हणजे सिद्धच झालं! माझी मोजणी एका हंगामाची, दोन खाचरांतली. बाई म्हणाल्या, “इथे तीन चौकोन खर्च करा.” ‘घट’च्या पुढे ‘सूचित’ या अर्थाचा शब्द आला. वाक्य नामावरच थांबलं आणि सावधपणाही राहिला. हे तीन चौकोन मी कशासाठीही सोडणार नाही.

२३ ऑगस्ट

ए-४वर नमुना काढला. पोस्टरची लांबी-रुंदी चौथाईवर येते, म्हणजे २८ पॉइंटचे ७ होतात. हातभर अंतरावरून मिठाचं अक्षर स्वच्छ वाचता आलं. पण थेट पेरणी, ‘चोकुहा’, यातलं पहिलं अक्षर चिनी वळणाचं छापलं गेलं होतं: डावीकडचा खालचा काटकोन नाही, नुसती आडवी रेघ. संगणकाने त्या अक्षरासाठी चिनी फॉन्ट उचलला होता. सगळा मजकूर जपानी गॉथिकमध्ये बांधून पीडीएफ पुन्हा तपासली. आता छपाईला.