तीन परीक्षक आणि छत्तीस गुण

आमच्या नर्सिंग कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलामुलींच्या केस प्रेझेंटेशनला आम्ही तिघी गुण देत होतो. प्रत्येकीकडे एक बॅच असे. ‘अमुक मॅडमकडे बॅच आली म्हणजे गुण गेले’ असं मुलं उघड बोलू लागली, तेव्हा फॉर्म नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं.

जुना फॉर्म ५० गुणांचा होता: हिस्टरी आणि तपासणी १०, आजाराची माहिती १०, नर्सिंग केअर प्लॅन १५, औषधं ५, सादरीकरण १०. कोणते गुण कशासाठी द्यायचे, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

सुरुवातीला एका विद्यार्थिनीच्या परवानगीने तिच्या सादरीकरणाचं रेकॉर्डिंग केलं. पेशंटची ओळख त्यात येऊ दिली नाही. ते तिघींनी वेगवेगळं बसून पाहिलं, फाइल तपासली आणि गुण दिले. बेरजा आल्या ३६, ३६ आणि ४१. दोघींचं तरी जुळलं, असं वाटलं. मग रकाने शेजारी ठेवले. पहिलीने आजाराच्या माहितीला ९ आणि केअर प्लॅनला ७ दिले होते, दुसरीने आजाराच्या माहितीला ५ आणि केअर प्लॅनला १३. बेरीज सारखी, पण गुण मिळाले होते उलट्याच गोष्टींना. तेव्हापासून मी परीक्षकांमधला फरक एकूण गुणांत शोधत नाही, रकान्यांत शोधते.

पेशंट सीओपीडीचा होता. ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ८६ टक्के, धाप, जेवण कमी. विद्यार्थिनीने श्वसनाची अडचण पहिल्या क्रमांकावर आणि आहाराची नंतर घेतली होती. ध्येय होतं, ‘सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्के राहील’. किती वेळात, ते नव्हतं. पेशंटला टेकून बसवणं, डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे मोजका ऑक्सिजन आणि त्यांची कारणं नीट लिहिली होती. मूल्यमापनाच्या रकान्यात मात्र दोनच शब्द, ‘ध्येय साध्य’. पुन्हा मोजलेलं सॅच्युरेशन कुठेच नव्हतं. पहिली परीक्षक यावर नाराज होती, दुसरी प्राधान्यक्रमावर खूश, आणि तिसरीला पाच निदानांची भरगच्च फाइल आवडली होती.

म्हणून केअर प्लॅनचे १५ गुण पाच ओळींत तोडले, प्रत्येकीला ३: निदानाला पेशंटच्या नोंदींचा आधार, प्राधान्यक्रम, मोजता येईल असं ध्येय, कारणासह शुश्रूषा आणि मूल्यमापन. ‘उत्तम’, ‘साधारण’ असे शब्द काढून टाकले आणि कागदावर काय दिसलं पाहिजे तेवढंच लिहिलं. मूल्यमापनात काहीच नसेल तर ०. नुसतं ‘साध्य’ असेल तर १. पुन्हा घेतलेली नोंद असेल तर २. ती नोंद ध्येयाशी ताडून पुढे काय करायचं हेही ठरवलं असेल तर ३. निदानांच्या संख्येला गुण ठेवले नाहीत. याच मुलीला नव्या ओळींनी माझ्या हिशेबात ३, ३, २, ३, १ असे १२ मिळाले. बाकी दोघींचे आले १२ आणि ११.

सादरीकरणाचा रकाना जास्त नाजूक निघाला. तिथला ‘आत्मविश्वास’ बहुतेक वेळा सफाईदार इंग्रजीलाच मिळत होता. मराठी माध्यमातून आलेली मुलं अडखळत, पण पेशंटबद्दलचा प्रश्न विचारला की उत्तर अचूक देत. म्हणून ‘आत्मविश्वास’ काढला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का, कागद न वाचता बोलता येतं का आणि प्रश्नाला पेशंटच्या नोंदींतून उत्तर देता येतं का, या तीन गोष्टी ठेवल्या.

एक अट मात्र गुणांच्या बाहेर ठेवली. ‘धाप वाढली तर ऑक्सिजन मी स्वतःच भरपूर वाढवीन,’ असं सीओपीडीच्या पेशंटबद्दल कुणी म्हटलं, तर सुंदर तक्त्यांनी ते भरून निघता कामा नये. अशा पेशंटच्या रक्तात जादा ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. पेशंटला धोका होईल असं उत्तर आलं की बेरीज काहीही असो, तो भाग शिकून पुन्हा सादर करायचा.

फॉर्म चांगला झाला तरी एक परीक्षक कडक आणि दुसरी सैल राहतेच. एका बॅचला एकच परीक्षक असेल तर तो फरक नशिबावर जातो. आता प्रत्येक मुलाला दोन परीक्षक असतात आणि जोड्या बदलत राहतात. दोघी आधी स्वतंत्रपणे गुण लिहून सही करतात, मगच बोलतात, कारण आधी बोललं की ज्येष्ठ मॅडमचा आकडा सगळ्यांचा होतो. एखाद्या ओळीत दोन किंवा जास्त गुणांचा फरक असेल, तर आपण काय पाहिलं ते फाइलमध्ये बोट ठेवून दाखवायचं. दाखवता आलं नाही तर आकडा बदलायचा.

एक गोष्ट या फॉर्मने सुटलेली नाही. कुणाच्या वाट्याला साधा हर्नियाचा पेशंट येतो, कुणाच्या वाट्याला मधुमेह आणि किडनीचा आजार एकत्र. अवघड केसला जादा गुण द्यावेत, असं एकीने सुचवलं होतं. पण मग सगळी मुलं आयसीयूतलेच पेशंट मागतील. त्यापेक्षा वॉर्डात पेशंट वाटतानाच साधारण सारखे द्यायचे, असं ठरलं. ते रोज जमतंच असं नाही.