बारा भुजेचा त्रिकोण आणि अर्धा कोन

१/ चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला, असे तो सांगतो. त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’ ११५० सालची. तीत एक साधा प्रश्न आहे: काटकोन त्रिकोणाची भुजा १२ असेल, तर कोटी आणि कर्ण वर्गमुळाच्या कटकटीशिवाय कोणकोणते निघतील?

२/ आचार्यांचा नियम असा. मनात एक इष्ट संख्या धरावी. तिची दुप्पट भुजेने गुणावी आणि इष्टाच्या वर्गातून एक वजा करून येणाऱ्या संख्येने भागावी, ती कोटी. कोटीला इष्टाने गुणून भुजा वजा केली की कर्ण. इष्ट २ घेतले तर कोटी १६, कर्ण २०. इष्ट ३ घेतले तर ९ आणि १५. इष्ट ५ घेतले तर ५ आणि १३.

३/ आता भुजा आणि कर्ण यांच्यामधल्या कोनाला x म्हणू आणि इष्टाच्या व्यस्ताला t. मग नियमातून आपोआप निघते:

cos x = (1 − t²)/(1 + t²), sin x = 2t/(1 + t²)

इष्ट २ असता t = 1/2, cos x = 3/5, म्हणजेच १२/२०. हा t म्हणजे अर्ध्या कोनाचा टॅन्जन्ट, tan(x/2). आचार्यांना संकलन करायचे नव्हते. त्यांना करणीविरहित बाजू हव्या होत्या. पण साइन-कोसाइनची परिमेय पदावली t च्या परिमेय पदावलीत बदलते, ती याच सूत्रांमुळे. संकलनात ऑयलरने ती १७६८ च्या सुमारास वापरली. पुस्तकांत मात्र तिला वायरस्ट्रासचे नाव चिकटले आहे, आणि ते फारसे न्याय्य नाही.

४/ उमरीतला बारावीचा विद्यार्थी आज 1/(2 + cos x) चे संकलन असेच करतो. dx = 2dt/(1 + t²) घातले की छेदातले 1 + t² कटते आणि उरते 2/(3 + t²). उत्तर: (2/√3) tan⁻¹(t/√3).

५/ फसगत पुढे आहे. हेच संकलन 0 ते 2π घ्या. दोन्ही टोकांना t = 0, म्हणून उत्तर शून्य! पण 2 + cos x कधीही ३ पेक्षा मोठे होत नाही. म्हणजे मूळ फल सर्वत्र किमान १/३ आहे आणि क्षेत्रफळ किमान 2π/3 हवे. चूक बीजगणितात नाही. x = π पाशी tan(π/2) अस्तित्वातच नाही; तेथे t अनंताकडे जातो आणि उणे अनंताकडून परततो.

६/ म्हणून मध्यंतर π पाशी तोडावे. 0 ते π मध्ये t शून्यापासून अनंतापर्यंत जातो आणि π/√3 मिळते. दुसऱ्या अर्ध्यातही तेवढेच. बेरीज 2π/√3, सुमारे ३.६३.

७/ गंमत अशी की ‘लीलावती’च्या नियमातही ही फट आहे. π जवळ t अनंताकडे म्हणजे इष्ट शून्याकडे जाते, आणि शून्य इष्ट घेतले तर कोटीही शून्य: त्रिकोणच उरत नाही.