कापाकापीआधी मोजमाप

आमच्या खाला चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांच्या तोंडची दखनी अंगाईगीतं आणि हकीकती मी मोबाईलवर टिपून ठेवतोय, वर्गात ऐकवायला. खाला एकच हकीकत दुसऱ्यांदा सांगतात खऱ्या, पण किती दिवस सांगतील कोण जाणे. म्हणून टिपलेलं त्याच संध्याकाळी मोजायचं, हा माझा नेम. फाईल बिघडलेली असेल तर उद्या पुन्हा विचारता येतं, महिन्याने नाही.

मी 'ऑडॅसिटी' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. कोणी बोलत नाही असे दोन-तीन सेकंद प्रत्येक टिपणात मुद्दाम ठेवतो. `Analyze` मधल्या `Contrast` मध्ये आधी बोलण्याचा तुकडा द्यायचा, मग त्या शांततेचा. दोन्हींची सरासरी पातळी आणि त्यांतला फरक डेसिबलमध्ये दिसतो. हा फरक म्हणजेच आवाज आणि गोंगाटाचं गुणोत्तर. पातळ्या उणे आकड्यांत येतात. शून्य हे सर्वांत वरचं टोक.

पहिल्या टिपणात फोन चार फुटांवर, पंखा चालू. बोलणं उणे ३०, शांतता उणे ४६. फरक फक्त १६. दुसऱ्या दिवशी पंखा बंद केला आणि फोन फूटभर अंतरावर ठेवला. बोलणं उणे २०, शांतता उणे ५६, फरक ३६. पहिल्या फाईलचा आवाज नंतर कितीही वाढवला असता तरी पंखाही तेवढाच वाढला असता, फरक १६ चा १६. गोंगाट काढणारं फिल्टर आहे, पण १६ वर ते खालांच्या 'स', 'श' ला खाऊन टाकतं, आणि मला नेमके उच्चारच हवे आहेत. तीसच्या वर असेल तर मी पुढे जातो.

दुसरा आकडा शिखराचा. `Amplify` उघडलं की आवाज शून्यापर्यंत न्यायला किती वाढवावा लागेल ते दिसतं. ४ दिसलं तर शिखर उणे ४, म्हणजे ठीक. ० दिसलं तर मी लहर मोठी करून बघतो. खाला हसल्या तिथे तिचे माथे कापल्यासारखे सपाट असतील तर तेवढा आवाज गेला, आणि तो खाली आणल्याने परत येत नाही. कधी शिखर उणे ३ असूनही माथे सपाट असतात, कारण आवाज माईकपाशीच फाटलेला असतो. म्हणून आकड्याबरोबर डोळेही वापरावे लागतात.

एक फसवणूक मात्र ओळखायला हवी. काही फोन गोंगाट स्वतःच दाबतात. मग शांतता उणे ८० येते, फरक साठाच्या घरात जातो आणि आपण खूश होतो. हेडफोन लावून ऐका: पंखा शब्दांच्या मागे ऐकू येतो, शब्द थांबले की अचानक गायब. अशा वेळी मी फोनची ती सोय बंद करतो आणि खालांकडे पुन्हा चहाला जातो.