वीस बिड्यांवरून पाचवर आलो, मग धोकाही पाव झाला का?

आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी रिसोड तालुक्यातले एक शेतकरी रक्तदाबासाठी माझ्याकडे वाशिमला यायचे. दिवसाला वीसेक बिड्या ओढायचे. दर भेटीत मी टोकायचो. एकदा सोयाबीनची काढणी आटोपून ते आले, ते हसतच. "डॉक्टरसाहेब, वीसवरून पाचवर आलो ना जी." मला फार आनंद झाला. मी म्हणालो, "वा! म्हणजे धोकाही पाव झाला."

पुढच्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. ते वाचले. तपासणीला आल्यावर त्यांच्या पत्नीने शांतपणे विचारले, "तुम्हीच तर म्हटलं होतं ना, धोका कमी झाला म्हणून?" अटॅक त्या पाच बिड्यांमुळेच आला असे कोणीच सांगू शकणार नाही. पण माझे वाक्य चुकीचे होते, आणि ते कुठून आले ते मला माहीत होते.

ते आले होते संशोधन-लेख घाईने वाचण्यातून. मुंबईत तंबाखूवर एक मोठा अभ्यास झाला आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते १९९७ या काळात मतदारयाद्यांच्या आधारे ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ४८ हजार मुंबईकरांची माहिती नोंदवली आणि काही वर्षांनी पुन्हा घरोघरी जाऊन कोण हयात आहे ते पाहिले. २००५ साली निष्कर्ष छापून आले. तंबाखू न घेणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका १.३७ पट आणि बिडी ओढणाऱ्यांमध्ये १.६४ पट होता. दिवसाला जितक्या जास्त बिड्या वा सिगारेटी, तितका धोका जास्त, असा चढही दिसला, आणि तो सांख्यिकीच्या कसोटीला उतरला.

या कसोटीला संशोधक 'ट्रेंड टेस्ट' म्हणतात. तिच्या निकालाचा आकडा 'पी फॉर ट्रेंड' म्हणून तक्त्याच्या टोकाला छापतात. तो लहान असला की माझ्यासारखा वाचक समजतो, "पायरी-पायरीने धोका वाढतो, म्हणजे पायरी-पायरीने कमीही होणार." इथेच गफलत होते. कशी ते एका उदाहरणाने सांगतो. यातले आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत.

समजा एका गावात २००-२०० माणसांचे चार गट आहेत: बिडी न ओढणारे, थोड्या, मध्यम आणि खूप ओढणारे. दहा वर्षांत या गटांत अनुक्रमे १०, १४, १८ आणि २२ मृत्यू झाले. एकूण ६४. बिडीचा काहीच संबंध नसता, तर प्रत्येक गटात साधारण १६ झाले असते.

आता गटांना ०, १, २, ३ असे क्रमांक द्या. प्रत्येक गटात १६ पेक्षा किती मृत्यू जास्त वा कमी झाले ते काढा, त्याला गटाच्या क्रमांकाने गुणा आणि बेरीज करा. पहिल्या गटाचे शून्य, दुसऱ्याचे उणे २, तिसऱ्याचे ४, चौथ्याचे १८. बेरीज २०. एवढी बेरीज निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती, हे कसोटी सांगते. इथे ती शंभरात सुमारे २ आहे, म्हणजे पी ०.०२. गंमत अशी की, "चार गटांत काही फरक आहे का?" एवढेच विचारले, तर याच आकड्यांवर पी सुमारे ०.१४ येतो आणि फरक सिद्ध होत नाही. गटांचा क्रम लक्षात घेतल्यामुळे ट्रेंड टेस्टला हा चढ पकडता येतो. हे तिचे बळ.

आता तिची मर्यादा पाहा. दुसऱ्या गावात मृत्यू झाले ६, १९, २० आणि १९. तिसऱ्या गावात १३, १३, ११ आणि २७. दोन्हीकडे एकूण ६४च. वरचाच हिशोब करा, दोन्ही ठिकाणी बेरीज पुन्हा २०च येते. म्हणजे तिन्ही गावांचा 'पी फॉर ट्रेंड' तंतोतंत सारखा!

पण तिन्ही गावांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या गावात धोका एकेक पायरी चढतो. दुसऱ्यात पहिल्याच पायरीवर उडी मारतो आणि मग सपाट राहतो, तिथे बिड्या कमी करून फारसे काही पदरात पडत नाही, सोडाव्याच लागतात. तिसऱ्यात फक्त शेवटच्या गटात धोका उसळतो. चढ आहे एवढेच कसोटी सांगते. त्याचा आकार सांगत नाही. तो प्रत्येक गटाचे आकडे पाहूनच कळतो.

एक सोपी पडताळणी आहे. न ओढणाऱ्यांचा गट बाजूला ठेवून फक्त ओढणाऱ्यांत चढ उरतो का ते पाहायचे. पहिल्या गावात १४, १८, २२ असा तो उरतो. दुसऱ्यात १९, २०, १९, म्हणजे चढ नाहीच. चांगल्या लेखात लेखक हे सांगतात. निदान न ओढणारे धरले होते की नाही, हे तरी लिहितात.

मग हृदयविकाराचा खरा आकार कोणता? २०१८ साली लंडनच्या ॲलन हॅकशॉ यांच्या गटाने १४१ दीर्घकालीन अभ्यासांचे आकडे एकत्र केले. न ओढणाऱ्या पुरुषांचा धोका १ धरला, तर दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्यांचा १.४८, पाच ओढणाऱ्यांचा १.५८ आणि वीस ओढणाऱ्यांचा २.०४ निघाला. म्हणजे वीस सिगारेटींमुळे वाढणाऱ्या धोक्याचा जवळजवळ अर्धा भाग पहिल्या एका सिगारेटीतच येतो. हे माझ्या दुसऱ्या गावाच्या जवळचे चित्र आहे, फक्त पुढे हळूहळू चढ आहे. हे आकडे सिगारेटचे आहेत, बिडीचे नव्हेत. पण बिडी त्याहून सौम्य असेल असे मुंबईचे आकडे तरी म्हणत नाहीत.

यावरून वीसवरून पाचवर आल्याने हृदयाचा वाढीव धोका पाव होत नाही, निम्म्याहून थोडा जास्तच उरतो. त्यातही एक मेख आहे. 'पाच ओढणारे' या गटात बरेच जण पहिल्यापासून पाचच ओढणारे असतात. वीस-पंचवीस वर्षे वीस ओढून मग पाचवर आलेल्या माणसाला त्यांचा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

हे सगळे मी त्या दोघांना वहीच्या पानावर तीन गावे काढून सांगितले. माझी चूकही कबूल केली. ते बराच वेळ दुसऱ्या गावाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी अजून याच गावात आहो."

तुम्हीही बिड्या कमी केल्या असतील, तर ती सोडण्याच्या वाटेवरची पायरी समजा, मुक्काम समजू नका. आणि एखाद्या बातमीत "प्रमाण वाढले तसा धोका वाढला" असे वाचले, तर आधी पहिल्या पायरीवर किती वाढला ते शोधा.