पेनाने आखलेली रेघ

उल्हासनगर कॅम्प ४ मधील माझ्या दवाखान्यात सत्तरीच्या एक आजी दंड धरून आल्या. आदल्या दिवशी धनुर्वाताची लस घेतलेली; जागा लाल, गरम, सुजलेली. सुनेला पू होण्याची धास्ती, कारण आजींना मधुमेह. मी लालीच्या कडेने पेनाने रेघ आखली.

लसीची साधी सूज पहिल्या दोन दिवसांत येते आणि मग ओसरू लागते. तिला थंड पाण्याची घडी पुरते, प्रतिजैविक लागत नाही. जंतुसंसर्गात मात्र तिसऱ्या दिवसानंतरही लाली रेघेबाहेर पसरत जाते, ठणका वाढतो, ताप येतो. गाठ मध्यभागी मऊ लागली, तर आत पू साचलेला असतो. तो बहुधा चीर देऊनच काढावा लागतो.

चौथ्या दिवशी आजींची लाली रेघेच्या बरीच आत आली होती.